ऑफसाइटचं गाणं: गुरुवारी प्रॅक्टिस, सगळ्यांनी वाचा

मंडळी, शनिवारी मांडूला निघायचंय, त्याआधी गुरुवारी साडेपाचला कँटीनमधे गाण्याची प्रॅक्टिस आहे, अर्धाच तास, नंतर पोहे-जिलबी आहेच. "आम्ही एक परिवार" छाप ओळी काढून टाकल्यात, त्या म्हणताना माणूस बुटांकडेच बघतो.

आता असं आहे की कडवं फक्त लीडवाले दोघं म्हणतील आणि बाकीच्यांना एकच ओळ, ती पण चार शब्दांची, म्हणजे कागद हातात धरायची गरजच नाही:

लीड: क्लायंट म्हणतो आजच पाहिजे
सगळे: चहा घेऊ, मग पाहू!
लीड: सर्व्हर बसला शुक्रवारी
सगळे: चहा घेऊ, मग पाहू!

सूर पांढरी एक, चाल सा ते प मधेच फिरते. वरचा सा मुद्दाम ठेवला नाही, कारण तिथे निम्मे लोक गप्प होतात, उरलेले किंचाळतात आणि मग सगळ्यांनाच लाज वाटते. पुरुष खालच्या सप्तकात, बायका वरच्या, आपोआप जमतं. ठेका साधा केहरवा, टाळी पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. टाळ्या पुढे पळायला लागल्या की समजा आपण घाई करतोय, ढोलकीकडे बघा.

- ज्यांना गायचं नाही त्यांनी फक्त टाळी द्या, कोणी ओढून पुढे आणणार नाही.
- माइक लीडलाच.
- व्हिडिओ काढू नका प्लीज, कॅमेरा दिसला की आवाज बसतो.
- कोणाच्या नावाने ओळ सुचली तर आधी त्यालाच विचारा, मग बुधवारपर्यंत मला पाठवा.