मातीच्या पाठासाठी चाळण्या, बरण्या आणि थोडी माती हवी आहे

ग्रामस्थ, पालक आणि माजी विद्यार्थी यांना पालक-शिक्षक संघाचा सप्रेम नमस्कार.

आपल्या प्राथमिक शाळेत यंदा परिसर अभ्यासातला मातीचा पाठ भातकापणीनंतर प्रत्यक्ष माती गोळा करून घ्यायचा आहे. पेडणे तालुक्यात त्यासाठी लांब जावे लागत नाही. सड्यावर जांभी माती, शापोरा नदीकाठी खाजनातली चिकण माती आणि किनाऱ्याकडे माडांच्या भाटातली रेताड माती, तिन्ही सायकलच्या टप्प्यात आहेत. अडचण आहे ती साहित्याची.

गेल्या वर्षी घरातल्या पिठाच्या आणि रव्याच्या चाळण्यांवर हा पाठ झाला. रेताड माती झरझर खाली आली. खाजनातली माती मात्र सुकून ढेकळे झाली होती. ती चाळणीवर तशीच राहिली आणि मुलांनी वहीत लिहिले, ‘खाजनात खडे जास्त.’ चौथीतल्या एका मुलीला ते पटेना, कारण तिच्या घरचे तिथेच भात लावतात. बाईंनी चाळणीवरचे दोन-तीन तुकडे पाण्याच्या वाटीत टाकायला सांगितले. थोड्या वेळात ते विरघळून गाळ झाला. सड्यावरच्या मातीचे खडे तसेच टाकले, ते दुसऱ्या दिवशीही जसेच्या तसे होते. चाळणीवर राहिलेले सगळेच काही खडे नसतात, हे मुलांना तिथे कळले.

जांभ्या मातीची गंमत आणखी निराळी आहे. तिच्यातले चिकणमातीचे बारीक कण लोहाने एकमेकांना इतके घट्ट धरलेले असतात की चाळताना ते वाळूसारखे वागतात. पण तीच माती ओली करून बोटांत बराच वेळ मळली की हळूहळू चिकट होत जाते. त्यामुळे नुसत्या चाळणीवर विसंबून जांभ्या मातीला ‘रेताड’ म्हटले, तर उत्तर चुकते. शिवाय चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरहूनही लहान असतो, त्याला अडवील अशी चाळण मिळणार नाही. तिथून पुढचे काम पाण्याचे. उभट बरणीत माती आणि पाणी घालून जोरात हलवून ठेवली, तर वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, त्यावर गाळ बसायला काही तास लागतात आणि चिकण कण दिवसभर पाणी गढूळ ठेवतात. खाजनातल्या मातीत मीठ उरले असेल तर हे कण एकत्र येऊन लवकर बसतात आणि पाणी भलतेच लवकर निवळते. पावसाने मीठ धुऊन नेल्यावर हा परिणाम कमी दिसतो, म्हणून नमुना कधी घेतला त्याची तारीख बरणीवर लिहायची.

यासाठी 2 मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर छिद्रांच्या चाळण्यांचे दोन संच (खालचे ताट आणि झाकणासह) आणि ग्रॅम दाखवणारा एक वजनकाटा घ्यायचा आहे. सगळे मिळून सुमारे आठ हजार रुपये लागतील. पिठाच्या चाळणीचे छिद्र प्रत्येक घरात वेगळे, त्यामुळे दोन गटांची वजने जुळत नाहीत. म्हणून हा खर्च. बरण्या मात्र विकत घ्यायच्या नाहीत. लोणच्याच्या किंवा जॅमच्या सरळ उभ्या काचेच्या बरण्या, झाकणासह आणि धुतलेल्या, चालतील. एकाच मापाच्या दहा-बारा हव्यात.

माती देणाऱ्यांना एक विनंती. बांधाजवळची, मानशीजवळची, शेणखताच्या ढिगाखालची किंवा झाडाच्या बुंध्यातली माती नको. ती शेताची खरी माती दाखवत नाही. पालापाचोळा बाजूला सारून कंपासपेटीतली 15 सेंटीमीटरची पट्टी उभी मावेल इतका खड्डा खणावा आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत दोन बोटे जाडीची काप घ्यावी. अशी पाच ठिकाणची माती एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो द्यावी. ती उन्हात नको, सावलीत कागदावर सुकवावी. ढेकळे आम्ही लाकडी दांड्याने हलकेच फोडू. दगडाने ठेचली तर खडेही फुटतात आणि वजन खोटे येते.

खाजन कसणाऱ्यांनी मुलांना एक सकाळ शेतात येऊ द्यावे. खणायला दोन जाणती माणसे सोबत दिली, तर बांधाला धक्का लागणार नाही. चाळताना धूळ उडते, तेव्हा ते काम आवारात, तोंडाला रुमाल बांधून होईल.

देणगी रोख किंवा वस्तुरूपाने शाळेच्या वेळेत संघाच्या खजिनदारांकडे द्यावी, पावती मिळेल. बरण्या चतुर्थीची सुट्टी संपल्यावर आणाव्यात. मातीच्या पिशवीत शेताचे नाव, तारीख आणि तिथे काय पिकते एवढे लिहिलेली चिठ्ठी मात्र जरूर घालावी.

आपला,
पालक-शिक्षक संघ