मनी गुटगुटीत झाली

सांगली, रविवार दुपार

प्रिय सुमे,

चार महिने झाले. फोन मी आपटला होता, तेव्हा पहिलं पत्र मीच लिहायला हवं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण तुला माहीत आहे मी कशी आहे. नानांबद्दल जे बोलले ते बोलायला नको होतं. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर तू वाचायचीच नाहीस. मी बरी आहे, गुडघे आहेत, बीपीची गोळी चालू.

आता ऐक. आपली मनी, मागच्या दाराची, इतकी गुटगुटीत झालीय की तिला भिंतीवर चढता येत नाही. मी ह्यांना म्हटलं, पिल्लं होणार वाटतं. हे म्हणाले, मग आईंना विचार, रोज दुपारी त्यांच्याच खोलीतून मिशा चाटत बाहेर येते. सुमे, मी बदामाचं दूध मांजराला पाजत होते! महिनाभर!

आईचं तुला सांगितलं होतं ना, दिवाळीला ४१ किलो होती. एप्रिलमध्ये काटा ३६.५ वर. उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या तेव्हा खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत दहावा हिस्सा वजन गेलं म्हणजे ते वयावर ढकलायचं नाही. रक्त-लघवी तपासली, थायरॉईड पाहिलं, किडनी पाहिली. किडनी ठीक निघाली म्हणून दुधात पावडर घालायला परवानगी मिळाली. ती बिघडलेली असती तर एवढं प्रथिन, पोटॅशियम आणि फॉस्फरस वाढवणं बरं नव्हे म्हणाले. भूक नाही, जेवण तीन घास, तर मग जे पोटात जाईल त्या घोटाघोटात जास्त भरायचं, असा सगळा बेत.

आणि मी काय करत होते माहीत आहे? म्हशीचं दूध आणायचं, तापवायचं, साय काढून विरजणाला लावायची आणि उरलेलं पातळ दूध आईला द्यायचं. तूप कोणाला? आम्हाला. तू हे वाचून हसशील, मला रडू आलं. आता साय काढत नाही. पण ओठाला चिकटली की ती थू करते, म्हणून मिक्सरमधून एकदा फिरवते. त्याने दूध दाट आणि एकसारखं होतं, साय दिसतच नाही.

पावडरीचीही गंमतच. दुकानदाराने दूध पावडर म्हणून जे दिलं ते चहाचं डेअरी व्हाइटनर निघालं. पाकिटाच्या मागे बघितलं तर साखर मिसळलेली. साखरेचा त्रास नाही तिला, पण आपल्याला प्रथिनं हवी होती. मग साय काढलेल्या दुधाची साधी भुकटी आणली, जिच्यात दुसरं काही नाही. पहिल्याच दिवशी गरम दुधात चमचा उपडा केला, तर गोळ्याच गोळ्या. आता पावडर आधी वाटीत घेते, दोन घोट कोमट दुधात पेस्ट करते आणि ती बाकीच्या दुधात ओतते. ओतल्यावर पुन्हा उकळायचं नाही, पातेल्याला बुडाशी धरतं.

तुझं म्हणणं होतं, हळू वाढव. मी पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घातले. दुसऱ्या संध्याकाळी पोट डमरू, चार वेळा जाऊन आली. पावडरीत निम्मी तर दुधातलीच साखर असते, लॅक्टोज, ती म्हाताऱ्या पोटाला एकदम सोसत नाही. मग एका लहान चमच्याने सुरू करून आठ-दहा दिवसांत दोन मोठ्या चमच्यांवर, म्हणजे साधारण १५ ग्रॅमवर आले. मी तुझं ऐकलं हे लिहून देते, जपून ठेव.

पण खरा घोळ बदामात होता. तू म्हणाली होतीस, "कप घेऊन मागे लागू नकोस, आधी तिच्या तोंडात बघ." त्याच वाक्यावर मी भडकले होते ना? तर मनीचं कळल्यावर तिच्यासमोर बसले. विचारलं, आई, का गं देतेस मांजराला? बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रवा लागतो गं. कवळीखाली जातो, टोचतो. तू एवढं महागाचं करतेस, सांगू कसं?"

वजन उतरलं तशा हिरड्याही बसल्या, कवळी सैल झाली आणि मी रोज जाडसर बदाम घालून तिच्या हिरड्या सोलत होते. शिवाय कण घशात अडकून खोकायची, ते मला वाटायचं नाटक. तुझ्याशी भांडणं सोपं होतं, ह्याचं काय करू?

आता बदाम मंद आचेवर कोरडे भाजते, पूर्ण गार करते. गरम असताना वाटले की तेल सुटून लगदा होतो, एकदा झालाच. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, बरोबर चमचाभर दूध पावडर, ती तेल ओढून घेते. मग मैद्याच्या चाळणीने चाळायचं, वर राहील ते आपल्या भाजीत. बदाम नसले की शेंगदाणे, सालं काढून. आठवड्याचीच पूड करून फ्रिजमध्ये ठेवते, खवट वास आला की फेकते. त्यावर वेलदोडा नाही, जायफळ. तिला वेलदोडा प्रसादाचा वाटतो.

हिशेब तुझ्यासाठी, तुला आकडे आवडतात. दीडशे मिली म्हशीचं दूध सायीसकट, १५ ग्रॅम पावडर, १० ग्रॅम पूड: पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी, बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं. पण हा कप एका बैठकीत तिच्याच्याने होत नाही. म्हणून निम्मा अकराला, निम्मा साडेचारला. असे दिवसाचे दोन कप करायचा विचार होता, पण त्याने जेवण बुडायला लागलं. बाराच्या जेवणाआधी नुसतं पोट भरायचं आणि भाकरी परत यायची. आता अकराचा अर्धा आणि जेवण दीडला, तेव्हा निभतं. रात्री झोपताना वाटीभर, तेवढंच वरचं. थायरॉईडची गोळी सहाला असते, म्हणून दाट दूध अकराच्या आधी नाहीच. डॉक्टरांनी चार तास म्हटलंय.

आणि दातांच्या डॉक्टरांकडे कवळी बसवून घेतली. ती घातल्या दिवशी तिने स्वतःहून पिठल्याची आठवण काढली. पिठलं! एवढ्या बदामांनंतर!

दर सोमवारी सकाळी, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर. पाच आठवड्यांत ३७.३. मागच्या सोमवारी मात्र शंभर ग्रॅमने कमी. ह्यावर रात्री बाराला उठून बसले होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, काट्याला शंभर ग्रॅम कळतात का. कळत नसतील. तरी.

रेवाचं नक्की झालं का? तारीख कळव, आणि साडी मी आणणार, बाकी कोणी मध्ये पडायचं नाही. तुझी बदली रद्द झाली हे मला दुसऱ्यांकडून कळावं, ही शिक्षा मला मान्य आहे.

फोन कर. साडेचारला नको, तेव्हा कप असतो, आणि हल्ली मी समोर बसून राहते. ती म्हणते, "पोलीस." मनी दाराबाहेर बसून माझ्याकडे बघत असते, तुझ्याइतक्याच रागाने.

तुझी,
मंदा