फॉरेन बिलांच्या चुकीच्या रेटबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर सपोर्ट विभाग

नमस्कार,

आमचं साकीनाक्याला मशीनच्या सुट्या पार्ट्सचं छोटं ट्रेडिंग आहे, तुमचं बिल वाचणारं सॉफ्टवेअर आम्ही वर्षाचे पैसे आगाऊ भरून घेतलंय. इन्व्हॉइसची पीडीएफ टाका, करन्सी आणि रक्कम आपोआप उचलली जाईल, बिलाच्या तारखेचा रेट लागेल आणि रुपयात एन्ट्री पडेल, असं तुमच्या सेल्सवाल्याने सांगितलं होतं. रुपयातली बिलं ठीक जातात, पण परदेशी बिलांमध्ये घोळ आहे आणि सपोर्टला फोन केला की दर वेळी "स्कॅन क्लिअर नसेल सर" एवढंच ऐकायला मिळतं. स्कॅन कसला, सप्लायरने मेलवर पाठवलेली पीडीएफ आहे ती!

आधी येनचं सांगतो. जपानचं २,४०,००० येनचं बिल होतं. येनचा रेफरन्स रेट १०० येनला इतके रुपये असा जाहीर होतो, एका येनला नाही. हिशोब कळावा म्हणून तो ५७ धरा, म्हणजे बिल १,३६,८०० रुपयांचं. तुमच्या सॉफ्टवेअरने सरळ ५७ ने गुणलं आणि खात्यात १ कोटी ३६ लाख ८० हजार पडले. आमच्या अकाउंटंट बाई हसून लोटपोट झाल्या आणि त्यांनी ते तिथल्या तिथे दुरुस्त केलं. असली चूक निदान डोळ्यात तरी भरते, त्याचं मला एवढं नाही.

माझी खरी तक्रार अमेरिकेच्या १२,००० डॉलरच्या बिलाबद्दल आहे, कारण ते कोणाच्याच लक्षात आलं नसतं. करन्सी बरोबर, रक्कम बरोबर, तारीख छापलीये 04/05/2025. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे ही ५ एप्रिल. तुम्ही ती ४ मे धरली. बरं, एकट्या तारखेवरून कळत नाही हे मान्य, पण त्याच पानावर खाली पेमेंट टर्म ३० दिवसांची आणि ड्यू डेट 05/05/2025 लिहिलीये. ५ एप्रिलमध्ये ३० दिवस मिळवले की बरोबर ५ मे येते, आणि ४ मे धरली तर ड्यू डेट ३ जून यायला हवी होती. एवढी बेरीज तर आमच्या ऑफिसमधला पोरगाही करतो.

पुढे अजून मजा. ५ एप्रिलला शनिवार होता आणि ४ मेला रविवार. शनिवार-रविवारी आणि मुंबईच्या बँक हॉलिडेला रेफरन्स रेट येतच नाही. अशा वेळी आमचे सीए आदल्या वर्किंग डेचा रेट घेतात, म्हणजे इथे शुक्रवार ४ एप्रिलचा, आणि दर वेळी तीच पद्धत ठेवतात. तुमच्या सॉफ्टवेअरला रविवारचा रेट मिळाला नाही तर त्याने गुपचूप मी ज्या दिवशी फाइल अपलोड केली त्या दिवशीचा रेट लावला, ना लाल खूण ना मेसेज, वर स्क्रीनवर ऐटीत लिहिलंय "Rate as on invoice date". डॉलरमागे एक रुपयाचा फरक पडला तरी या बिलावर १२,००० रुपये इकडचे तिकडे होतात. पेमेंट केल्यावर बँकेचा रेट आणि बुक केलेला रेट यातला फरक फॉरेक्स गेन-लॉसमध्ये जातो, त्यामुळे मुळातला रेटच चुकला की खरेदीही चुकते आणि नफा-तोटाही. सीएंना तो गेन विचित्र वाटला म्हणून हे सापडलं.

तुमच्या सपोर्टवाल्याने यावर काय सल्ला द्यावा, तर म्हणे बिल ऑफ एंट्रीवरचा रेट टाका! अहो तो कस्टम्सने ड्युटीसाठी जाहीर केलेला रेट असतो, सप्लायरचं देणं बुक करायचा नाही.

आता मला हे हवंय. एन्ट्री पडायच्या आधी करन्सी, रक्कम, वाचलेली तारीख आणि रेट कुठल्या दिवसाचा हे सगळं एकाच स्क्रीनवर दिसू द्या, आणि येनसारख्या करन्सीला रेट किती युनिटचा आहे तेही. तारीख दोन्ही बाजूंनी वाचता येत असेल तर ड्यू डेटशी ताडून बघा, तरी नक्की होत नसेल तर आम्हाला विचारा, स्वतः ठरवू नका. रेट नसेल तर आदल्या वर्किंग डेचा घ्या आणि तसं लिहा. नुसतं $ चिन्ह दिसलं की अमेरिकन डॉलर धरायचं हेही बंद करा, सिंगापूरवालेही तेच चिन्ह छापतात, बँक डिटेल्समध्ये SGD लिहिलेलं असतं ते वाचा.

आमच्या सगळ्या परदेशी एन्ट्रींची बिलाची तारीख, लावलेला रेट आणि तो रेट कुठल्या दिवसाचा अशी एक्सेल येत्या शुक्रवारपर्यंत पाठवा. एन्ट्री परस्पर बदलू नका, जुनी दिसू दे आणि दुरुस्ती वेगळी पडू दे, ऑडिटला दाखवावं लागतं. ते जमत नसेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा.

आपला ग्राहक,
साकीनाका, मुंबई