वाटी फसवते

प्रिय सई,

तू पाठवलेला प्रोटीन पावडरचा डबा पोचला, पण अजून फोडला नाहीये, चिडू नकोस, कारण सांगतो. मागे वजन ६४ वरून ६० वर आलं तेव्हा मी उगाच खूश होतो, पर्वतीला जाऊन बारीक झालो म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो होतो. पण मग पाटावरून उठताना हात टेकायला लागला, बसची पायरी चढताना दांडा धरल्याशिवाय पाय उचलेना. डॉक्टर म्हणाले काका पोट तेवढंच आहे, मांड्या गेल्यात. खुर्चीवरून हात न लावता पाच वेळा उठाबसायला लावलं, १२ सेकंदांच्या आत व्हायला पाहिजे म्हणे, मला १९ लागले.

माझ्या वयाला किलोमागे साधारण १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे मला दिवसाला ७२. मी म्हटलं आम्ही रोज वरण खातो की! मग आईचा केकसाठी घेतलेला वजनकाटा काढला आणि वरणाला टाकायची डाळ मोजली. माझ्या वाट्याला कोरडी तूरडाळ येत होती १५ ग्रॅम! त्यात प्रोटीन जेमतेम साडेतीन ग्रॅम, बाकी सगळं पाणी आणि हळद. वाटी भरलेली दिसते म्हणून आपण फसतो, मोजायची ती कोरडी डाळ. सकाळचे पोहे शेंगदाण्यासकट सहाच्या आसपास, रात्रीची मऊ खिचडी सात, पोळ्या दूध ताक सगळं धरून दिवसाचे ३४ झाले. निम्मे पण नाही.

आणि अजून एक, हे सगळं दुपारच्या जेवणात ढकलून चालत नाही. उतारवयात स्नायूंना थोड्याथोडक्या प्रोटीनने जाग येत नाही, एका वेळी पंचवीसेक ग्रॅम तरी पोटात जायला पाहिजेत. म्हणून आधी नाश्ता बदलला. आता ४० ग्रॅम मूगडाळ रात्री भिजवायची, सकाळी आलं मिरची घालून वाटायची, दोन धिरडी. सोबत चक्का. अर्धा लिटर दुधाचं दही रात्री फडक्यात टांगून फ्रीजमध्ये ठेवतो, खाली वाडगं, सकाळी निम्मा मी खातो निम्मा आई, साखर नाही, जिरं आणि कोथिंबीर. खाली जमलेल्या पाण्यात आई कणीक मळते. वर दाण्याची चटणी, झाले वीसबावीस, म्हणजे पंचवीसच्या जवळपास, आणि पोट अकरा वाजता ओरडत नाही.

दुपारी मटकीची उसळ, इथे मी मोठी चूक केली. मोड आले की प्रोटीन वाढतं असं मला वाटायचं, तसं काही नसतं गं, ४० ग्रॅम मटकीत जे नऊ ग्रॅम आहेत तेच मोड आल्यावर राहतात, फक्त पाण्याने वाटी मोठी दिसते आणि पचायला जरा सोपं जातं. मी पहिल्याच दिवशी मोठं वाडगंभर कच्चे मोड लिंबू पिळून खाल्ले आणि रात्री दोनपर्यंत हॉल ते बाल्कनी येरझाऱ्या घातल्या, आई हसत होती. आता शिजवूनच खातो, हिंग घालून, आणि डाळ आठवड्याला थोडी थोडी वाढवली. फडक्यातले मोड बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला की सरळ टाकून द्यायचे, पावसाळ्यात दोनदा टाकलेत.

खिचडीत पूर्वी तांदूळ ४० आणि डाळ १५ असायची, आता तांदूळ ३० डाळ ४०, वर दही. कधी पिठलं, पण घट्ट. संध्याकाळी खारी बंद, त्याऐवजी फुटाणे, दाढ दुखली तर मिक्सरवर पीठ करून ताकात. पाणी मात्र आठवणीने प्यावं लागतं, नाहीतर सकाळी पंचाईत. सगळं मिळून ६९-७० होतं. उरलेल्या दोनतीन ग्रॅमसाठी डबा फोडायचा का?

हे सुरू करायच्या आधी क्रिएटिनिन तपासून घेतलं, नॉर्मल आलं. समोरच्या काकांचं वाढलेलं आहे, ते माझं बघून डाळ वाढवत होते, त्यांना म्हटलं आधी डॉक्टरांना विचारा, किडनीचं असेल तर हे गणित वेगळं.

आणि नुसतं खाऊन मांड्या भरत नाहीत, त्यांना काम लागतं. रोज खुर्चीवरून दहा दहाच्या तीन फेऱ्या उठबस करतो, टीव्हीवर बातम्या चालू असताना. तीन महिने झाले, परवा आईने मोबाईलवर वेळ लावली, १४ सेकंद. वजन एकच किलो वाढलंय पण पँटचा पट्टा त्याच भोकात.

तू काय खातेस सकाळी? ब्रेड-जॅम म्हणशील तर फोन करतो.

बाबा

ता. क. आई म्हणते वजनकाटा परत द्या, केक करायचाय.