तोतया अकाउंटची तक्रार कॉपीराइटच्या खिडकीत ढकलू नका

फेब्रुवारी 2024

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, ज्या व्हिडिओ प्लॅटफॉर्मवर माझं चॅनेल आहे तो प्लॅटफॉर्म
प्रत : माननीय केंद्रीय मंत्री, इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान

विषय : माझ्या वर्गातल्या व्हिडिओंच्या चॅनेलचं सोंग घेतलेलं अकाउंट

महोदय,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये दहावीला गणित शिकवते. वर्गात फळ्यावर जे शिकवते तेच मोबाईल स्टँडला लावून रेकॉर्ड करते आणि संध्याकाळी चॅनेलवर टाकते, फुकट. आता कोणीतरी माझाच फोटो, माझाच लोगो, चॅनेलचं तेच नाव घेऊन दुसरं अकाउंट उघडलंय. हँडलमध्ये फरक एवढाच की माझ्याकडे जिथे o आहे तिथे त्याने 0 घातलाय, मोबाईलच्या स्क्रीनवर तो पोरांना काय, मलाही चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही.

व्हिडिओ चोरले म्हणून मी एवढं लांबलचक लिहीत बसले नसते हो. चोरलेत, तेही हुशारीने. कडा कापून माझा कोपऱ्यातला लोगो आणि भिंतीवरचं घड्याळ उडवलंय, स्पीड थोडा वाढवलाय म्हणून आवाज चिरका येतो, आणि तुमची कॉपी आपोआप पकडणारी यंत्रणा बहुतेक यामुळेच गप्प बसली असावी. व्हिडिओ उलटा करता आला नाही त्याला, कारण मग फळ्यावरचं मराठी आरशातल्यासारखं दिसलं असतं. पण खरा धंदा व्हिडिओत नाहीच, तो कमेंटमध्ये आहे.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. वर्तुळाच्या प्रकरणात स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय आहे, त्याच्या माझ्या व्हिडिओखाली एका मुलीने विचारलं, मॅडम, सिद्धतेत दोन त्रिकोण समरूप कसे आले ते कळलं नाही. मी तेव्हा वर्गात होते. थोड्याच वेळात त्या तोतयाने माझ्याच व्हिडिओखाली, माझ्याच फोटोने उत्तर दिलं, 'डिअर स्टुडंट, खाली दिलेल्या नंबरवर मेसेज कर, बोर्डाचा अपेक्षित पेपर सोडवून मिळेल.' मी पोरांना बाळा म्हणते, डिअर स्टुडंट जन्मात म्हटलेलं नाही, माझ्या शाळेतल्या पोरांना लगेच शंका आली असती. पण ती मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातली, तिला काय कळणार! तिने मेसेज केला, क्यूआर कोड आला, वडिलांच्या फोनवरून 499 रुपये गेले, मग नंबर ब्लॉक. वडिलांनी आमच्या शाळेचा फोन शोधून मुख्याध्यापकांना झापलं की तुमच्या मॅडम पेपर विकतात. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं तेव्हा मला हे सगळं कळलं. वडिलांना मी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांगितलं, पैशाच्या फसवणुकीत जितक्या लवकर फोन तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

आता तुमच्या सपोर्टचं ऐका. अ‍ॅपमधल्या रिपोर्टच्या बटणाला ना नंबर आला ना उत्तर. फॉर्म भरला तर आधी म्हणाले ओळखपत्रावरचं नाव चॅनेलच्या नावाशी जुळत नाही. अहो, चॅनेलला विषयाचं नाव आहे, आधारकार्डावर भूमिती कशी असेल? पण फोटो माझा, चेहरा माझा, तो तर जुळतोय ना. मग म्हणाले हा कॉपीराइटचा मामला आहे, तो फॉर्म भरा.

तो फॉर्म मी भरला तर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. ज्या व्हिडिओंची लिंक देईन तेवढेच उतरणार, अकाउंट तसंच राहणार. त्याने स्वतः बनवलेले 'फक्त आजची ऑफर' वाले छोटे व्हिडिओ, ज्यात फक्त माझा फोटो आहे, ते यात बसतच नाहीत कारण ती माझी निर्मिती नाही, आणि कमेंटमधली उत्तरं तर नाहीच नाही. वर तक्रारदार म्हणून माझं नाव त्याच माणसाकडे जाणार. त्यात भारतातल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये 21 दिवसांची मुदत आहे, तेवढ्यात मी कोर्टाचा आदेश आणला नाही तर मजकूर पुन्हा चालू करता येतो. दहावीचा पोर्शन संपवायचा की वकील गाठायचा?

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, ही तक्रार योग्य खणात टाका. 2021 च्या आयटी नियमांत नियम 3(2)(b) आहे. नग्नतेच्या तक्रारींसोबतच त्यात इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दुसऱ्या व्यक्तीचं सोंग घेणंही आहे, आणि त्या व्यक्तीने तक्रार केली की 24 तासांत मजकूर काढायला शक्य ते सगळं करायचं असं लिहिलंय. साध्या तक्रारीला 15 दिवस. म्हणजे तुमचा माणूस कोणत्या चौकोनात टिक करतो यावर घड्याळ ठरतं, आणि दहावीचा पहिला पेपर 1 मार्चला आहे.

तपासताना एकेक व्हिडिओ उघडून 'यात काही गैर नाही' असं कृपया करू नका, व्हिडिओत खरंच काही गैर नाही, तो माझाच आहे! अकाउंट अख्खं बघा, फोटो, हँडल, कमेंटमधली उत्तरं आणि अकाउंट कधी उघडलं ती तारीख. आणि मराठी वाचणाऱ्या माणसाला बघायला द्या, कारण 'पेपर सोडवून मिळेल' यात काय विकलं जातंय ते भाषा आल्याशिवाय कळणार नाही.

अजून एक, हे महत्त्वाचं आहे. अकाउंट काढलं की त्याची माझ्या व्हिडिओखालची उत्तरंही गायब होतील आणि पोलीस विचारतील पुरावा कुठाय. मी लिंक, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेतलेत, पण अकाउंट कोणत्या नंबरवरून उघडलं ते फक्त तुमच्याकडे आहे. त्याच नियमांप्रमाणे काढलेला मजकूर आणि नोंदणीची माहिती 180 दिवस जपायची असते, ती जपा. आयटी कायद्याच्या कलम 66D खाली, म्हणजे सोंग घेऊन फसवल्याची, पोलिसांत तक्रार देतेय, पोलिसांचं पत्र येईल तेव्हा 'डेटा उपलब्ध नाही' असं उत्तर नको.

मंत्रीमहोदय, तुमच्यासाठी दोनच ओळी. तुम्ही 2023 मध्ये प्लॅटफॉर्मच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला अपील समित्या आणल्या, ऑनलाइन अपील करता येतं, चांगलं केलंत. पण समितीने 30 दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करायचा असं आहे, आणि दहावीची परीक्षा 26 मार्चला संपतेय. जिथे प्लॅटफॉर्मने तक्रारच चुकीच्या खणात टाकली तिथे निदान 'खण बदला' एवढा आदेश दोन-तीन दिवसांत मिळायची सोय करा. आणि प्रत्येक उत्तरात तक्रार कोणत्या नियमाखाली धरली तो क्रमांक लिहिणं सक्तीचं करा, नाहीतर आम्ही अपील नेमकं कशाविरुद्ध करायचं?

सोबत दोन्ही चॅनेलच्या लिंक, स्क्रीनशॉट, माझं ओळखपत्र आणि मुख्याध्यापकांचं शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र जोडलंय. त्या मुलीचं नाव मी खोडलंय, ती अल्पवयीन आहे, ते मागू नका. मी शाळेत साडेपाचपर्यंत असते, फोन त्यानंतर करा.

आपली,
दहावी ब ची वर्गशिक्षिका