दहा आवर्तनं आणि एक घड्याळ

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आठवड्यातून दोनदा भेट होते, मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. शिवाय मुलासाठी तबल्याचे शिक्षक शोधणारे पालक मला हल्ली सारखं विचारतात, "तुमचे सर कसे आहेत?" त्यांनाही एकदाच सविस्तर उत्तर मिळेल, म्हणून उघडच लिहिते.

तुम्ही घरी यायला लागलात तेव्हा आमची लेक नऊ वर्षांची होती आणि आधीच्या एका वर्गात दीड वर्ष शिकून झालं होतं. "चार कायदे, म्हणजे बोलांच्या चार रचना, वाजवता येतात तिला," असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तुम्ही "छान" म्हणालात आणि तिला नुसता तीनतालाचा ठेका वाजवायला सांगितलात. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावून दोन आवर्तनं त्याच्याबरोबर वाजवून घेतलीत. मग तो बंद केलात आणि पुढची दहा आवर्तनं घड्याळ बघत ऐकलीत.

सोळा मात्रांचं एक आवर्तन ६० च्या लयीत १६ सेकंदांचं होतं, म्हणजे दहा आवर्तनांना १६० सेकंद लागायला हवेत. लेकीने ती १२५ सेकंदांत संपवली. लय सरासरी ७७ वर गेली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. खरं सांगायचं तर मलाही नव्हता. मला ते जोरकस आणि छान वाटलं होतं. दीड वर्ष आम्ही कायदे मोजत होतो, आणि ठेका हातातून निसटत होता.

"लय पळते" हे कुणीही सांगितलं असतं. तुम्ही ती कुठे पळते ते शोधलंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शेजारी बसवून ऐकायला लावलंत. पहिल्या आठ मात्रांत ती बऱ्यापैकी सांभाळून असायची. नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देण्याची जागा, आली, 'धा तिं तिं ता' सुरू झालं, दहाव्या मात्रेपासून डग्गा गप्प झाला, की ती घाई करायची. डग्ग्याचा घुमारा हाच तिचा आधार होता. तो सुटला की कधी एकदा समेवर पोहोचते असं तिला व्हायचं. त्यात तेराव्या मात्रेचा घोळ. तिथे हाताने टाळी देतात, पण बोल 'ता' आहे, डग्गा परत येतो तो चौदाव्या 'धिं'ला. टाळी आली म्हणून ती तेराव्यालाच डग्गा वाजवून मोकळी व्हायची.

मग तीन आठवडे तबला जवळजवळ बंद. नुसती पढंत. एक, पाच आणि तेराला टाळी, नवाला खाली, मधल्या मात्रा बोटांवर, आणि तोंडाने ठेका. मला तेव्हा वाटलं होतं, शिकवणी तबल्याची आणि पोरगी टाळ्या वाजवतेय! पण तेराव्या मात्रेला टाळी देत तोंडाने 'ता' म्हणायची सवय तिथेच लागली. तबल्यावर परत बसल्यावर तुम्ही तिला दहा ते तेरा या मात्रांना डावा तळवा डग्ग्यावर अलगद टेकवायला लावलंत, आवाज न करता, दर मात्रेला एकदा. डाव्या हाताला काम मिळालं आणि घाई कमी होऊ लागली. महिन्याभराने तळव्याचा तो टेकाही काढून टाकलात.

आठ महिन्यांनी तीच परीक्षा पुन्हा घेतलीत. १५६ सेकंद. तेवढ्या काळात तिला नवीन कायदा एकच मिळाला होता, 'धाधा तिट धाधा तूना'. तोही एकपट आणि दुप्पट. एखाद्या कार्यक्रमात तिला बसवलं असतं तर कौतुक फार झालं नसतं, हेही खरं. लवकर मंचावर दिसावं अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांना तुमची पद्धत संथ वाटेल. मलाही चौथ्या महिन्यात वाटली होती आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं. तुम्ही वाद घातला नाहीत. पहिल्या दिवशीचं आणि त्या दिवशीचं रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐकवलंत.

तुमच्या संयमाबद्दल लोक विचारतात तेव्हा मी एकच गोष्ट सांगते. ती चुकली तरी तुम्ही आवर्तनाच्या मध्ये कधी थांबवत नाही. सम येऊ देता, मग बोलता. मध्येच थांबायची सवय लागली की मूल चुकल्यावर लय सोडून देतं, हे तुम्ही सांगितल्यावर मला माझंच हसू आलं, कारण तोवर मी आतल्या खोलीतून "पळतेयस गं!" असं ओरडत होते. 'तिट'च्या वेळी मात्र तुमचीही कसोटी लागली असेल. तिची तर्जनी हवेत उंच जायची आणि 'ट' उशिरा पडायचा. वीसेक वेळा तेच झाल्यावर तिचे डोळे भरले. तुम्ही तबला बाजूला सारलात, तिचं मनगट मांडीवर टेकवलंत आणि मधलं बोट, तर्जनी, मधलं बोट, तर्जनी, असं मांडीवरच वाजवायला लावलंत. त्या दिवशी तबल्यावर परत गेलातच नाहीत.

वेळेबद्दल मात्र थोडी तक्रार आहे, ती आभाराच्या पत्रातही लिहिते. येण्याची वेळ तुम्ही पाळता. पण मधल्या काळात तीनदा शिकवणी त्याच दिवशी रद्द झाली, एकदा तर वेळेच्या अर्धा तास आधी. बदली तास तुम्ही दिलेत, पण दोन आठवड्यांनी, आणि तोवर हात थंड पडला होता. मी बोलले, तुम्ही ऐकून घेतलंत, आणि तेव्हापासून निरोप आदल्या रात्री येतो.

दुसरी तक्रार माझी मीच मागे घेतली आहे. पहिली पाच मिनिटं तुम्ही तबला जुळवण्यात घालवता, ती मी मनातल्या मनात वेळेतून वजा करत होते. मग एकदा बघितलं, तुम्ही हातोडी तिच्याच हातात दिली होती. ती किनारीवर बोट मारून ऐकत होती, तबल्याच्या कडेच्या गजऱ्यावर वरून हलकीशी ठोक देत होती, पुन्हा ऐकत होती. एके ठिकाणी सूर जास्तच चढला, तर तिने न विचारता खालून ठोक देऊन उतरवला. चाळीस मिनिटांच्या तासात ती पाच मिनिटं आता मी मोजत नाही.

बाकी भेटीत बोलूच. लेकीचा नमस्कार. आणि हो, तुमची हातोडी मंगळवारपासून आमच्याकडेच आहे. तिने ती तबल्याच्या पिशवीत ठेवली आहे आणि परत द्यायला फारशी उत्सुक दिसत नाही.

आपली,
तुमच्या विद्यार्थिनीची आई