उंचीची रांग बंद करा

आमच्या शाळेत कवायतीला मुलं उंचीने उभी करतात. नववीतला एक मुलगा दोन वर्षं रांगेत पहिलाच. मिसरूड फुटलेले सोबती त्याला 'चिंटू' म्हणत, कबड्डीत घेत नसत. शेवटी त्याने मैदानावर येणंच सोडलं.

मुलगे साधारण ९ ते १४ या वयात कधीही वयात येऊ लागतात. चौदा उलटूनही खूण नसेल तर डॉक्टर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात. या मुलाच्या हाडांचं वय खऱ्या वयापेक्षा दोन वर्षं मागे निघालं, म्हणजे त्याची वाढ उशिरा होणार इतकंच. वडीलही म्हणे कॉलेजात गेल्यावरच उंच झाले होते. उलट, पाचवीतच उंच झालेली मुलगी पोक काढून चालते, कारण तिला 'ताडमाड' म्हणणाऱ्यांत आम्ही शिक्षकही असतो.

रांग हजेरी क्रमांकाने लावली तर काय बिघडेल?

– एक क्रीडाशिक्षक, सातारा